कारल्याला ‘वनस्पती-इन्सुलिन’ का म्हणतात?

कारल्याच्या रसाच्या बाटलीवर, गोळ्यांच्या डबीवर ‘नैसर्गिक इन्सुलिन’ असं सर्रास छापलेलं असतं. हा शब्द जाहिरातवाल्यांनी हवेतून काढलेला नाही, त्यामागे खरं संशोधन आहे. फक्त ते संशोधन रसाचं नव्हतं, इंजेक्शनचं होतं.

सुरुवात मुंबईत झाली. 1960 च्या दशकात लोटलीकर आणि राजाराम राव यांनी कारल्याच्या फळातून ‘चॅरँटिन’ वेगळं काढलं. हे एकच रसायन नसून वनस्पतीतल्या दोन स्टेरॉइड-ग्लुकोसाइडांचं मिश्रण आहे. सशांमध्ये त्यानं रक्तातली साखर उतरली. चॅरँटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे रसात ते किती उतरत असेल हा प्रश्न तेव्हापासूनचाच.

पुढे जयपूरमध्ये खन्ना आणि सहकाऱ्यांनी कारल्यातून ‘पॉलिपेप्टाइड-पी’ हे छोटं प्रथिन वेगळं केलं. 1981 साली त्यांनी ते मांडलं तेव्हा त्याची तुलना थेट इन्सुलिनशी झाली आणि ‘पी-इन्सुलिन’, म्हणजे वनस्पती-इन्सुलिन, हे नाव रूढ झालं. पण रुग्णांना ते दिलं होतं कातडीखाली टोचून. इन्सुलिन तोंडानं का घेता येत नाही, याचंच कारण इथे लागू पडतं: पोटातलं आम्ल आणि पाचक रस प्रथिनाचे तुकडे करून टाकतात. म्हणजे ज्या प्रयोगातून ‘वनस्पती-इन्सुलिन’ हा शब्द आला, त्याच्या जोरावर सकाळच्या पेलाभर रसाबद्दल काहीच सांगता येत नाही.

मग रसानं साखर उतरतच नाही का? उतरते, निदान काहींची. 1981 मध्येच ब्रिटनमधल्या नऊ आशियाई मधुमेहींवरची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. हे रुग्ण इन्सुलिनवर नव्हते. त्यांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, एकदा कारल्याच्या रसासोबत आणि एकदा रसाशिवाय. रसासोबत साखर कमी चढली. काही आठवडे रोज तळलेली कारली खाल्ल्यावरही सुधारणा दिसली, पण थोडीशी. यातली महत्त्वाची नोंद वेगळीच: साखर कमी चढली तरी रक्तातलं इन्सुलिन वाढलं नव्हतं. म्हणजे स्वादुपिंडाला डिवचून हे काम होत नव्हतं.

त्याचं एक पटण्याजोगं उत्तर 2008 मध्ये शांघाय आणि सिडनीच्या संशोधकांनी दिलं. कारल्याच्या कडू ट्रायटर्पीन संयुगांमुळे स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये ‘ग्लुट-4’ हे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात. हे वाहक म्हणजे साखरेला आत घेणारी दारं. इन्सुलिनही हीच दारं उघडतं, पण त्यासाठी आधी पेशीवरच्या आपल्या ग्राही रेणूला जाऊन चिकटतं. कारल्याची संयुगं ‘एएमपीके’ या विकराला जागं करतात. पेशीतली ऊर्जा कमी पडली की हे विकर कामाला लागतं. व्यायामानं आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनंही तेच जागं होतं. दार तेच, वाट निराळी. त्यामुळे ‘इन्सुलिनसारखं’ म्हणण्यापेक्षा ‘व्यायामासारखं’ म्हणणं जास्त बरोबर ठरेल. अर्थात हे दिसलं ते पेशींत आणि उंदरांत.

माणसांवरचे आकडे मात्र थंड आहेत. फिलिपिन्समध्ये कारल्याची भाजी घरोघरी असते. तिथे 40 रुग्णांना तीन महिने कारल्याच्या किंवा नकली कॅप्सूल दिल्या. ‘एचबीए1सी’ या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या मापातला फरक 0.22 टक्के, म्हणजे योगायोगानंही पडू शकेल इतका. थायलंडच्या चार आठवड्यांच्या चाचणीत रोज 500 आणि 1000 मिलिग्रॅम कारल्यानं काही साधलं नाही. 2000 मिलिग्रॅमनं साखर उतरली, पण 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमीच. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात चार चाचण्या आणि 479 रुग्ण होते, आणि निष्कर्ष होता: पुरावा अपुरा. प्रत्येकानं वेगळं वाण, वेगळा भाग, वेगळा अर्क वापरला, मग बेरीज कशाची करायची?

परिणाम सौम्य म्हणून धोका नाही, असं नव्हे. 1979 मध्ये ब्रिटनमधलंच एक उदाहरण नोंदलं गेलं: क्लोरप्रोपामाइडच्या गोळ्या घेणाऱ्या एका मधुमेही बाईंच्या जेवणात कारलं आलं आणि लघवीतली साखर अपेक्षेपेक्षा खाली गेली. या जातीच्या गोळ्या, आज ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड, साखर आधीच कमी असली तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यावर उपाशीपोटी रस आणि उशिरा नाश्ता झाला, की थरथर, घाम, एकदम भूक. ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गुंगी येत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

बियांचं गणित वेगळं. त्यांत व्हिसिन असतं आणि ‘जी6पीडी’ या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्यानं फुटू शकतात, म्हणून त्यांनी रस, बिया, कॅप्सूल टाळावं. गरोदर बायकांनीही टाळावं. मीठ लावून, पिळून केलेली कारल्याची भाजी ही भाजीच. तिच्या भरवशावर गोळी चुकवायची नाही. रस घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, आठवडाभर रोज उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहावं. आकडे खाली सरकत असतील तर कमी करायची ती गोळी की रस, हे डॉक्टरांनी ठरवायचं.