दिसतंय चांगलं, तरी लेझर का? आणि इंजेक्शन का नाही?

"माले ते समदं दिसस, मंग लेझर कसाले?" शुगरवाल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवल्याचं कळलं की खान्देशात बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. पण आपण वाचतो ते पडद्याच्या मधल्या इवल्याशा भागाने, आणि मधुमेह बराच काळ त्याच्या आजूबाजूलाच नुकसान करत राहतो. त्यामुळे तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचाही पडदा धोक्यात असू शकतो.

अमळनेरकडचे एक नाना धरा. कापसाची शेती, चौदा वर्षांची शुगर, दोन्ही डोळ्यांची नजर ६/६. बाहुली मोठी करून तपासल्यावर उजव्या डोळ्यात, नस जिथून निघते तिथेच, नव्या रक्तवाहिन्या दिसल्या. पडद्याला रक्त कमी पडलं की तो व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो आणि त्यातून या वाहिन्या उगवतात. त्या फार नाजूक असतात. एखादी फुटली तर डोळ्यात रक्त पसरतं, काळे धागे तरंगू लागतात किंवा एकदम अंधारी येते. पुढे त्यांच्यासोबत येणारे पापुद्रे आकसले, की पडदाच ओढून सुटतो. ही वेळ येण्याआधी उपचार करणं सोपं असतं, नंतर मोठ्या ऑपरेशनची पाळी येते.

लेझर आणि इंजेक्शन दोन्ही त्या रसायनाच्याच मागे लागतात, पण रीत वेगळी. लेझरने पडद्याच्या कडेच्या भागावर बारीक भाजल्याचे ठिपके देतात, सगळे मिळून साधारण बाराशे ते सोळाशे, दोन-तीन बैठकांत. विहिरीचं पाणी आटलं की आपण कडेची केळी सोडून मधली बाग वाचवतो, तसंच हे: कडेची भूक कमी झाली की रसायन कमी सुटतं. बधिर करणारे थेंब टाकून डोळ्यावर एक भिंग टेकवतात, हनुवटी यंत्रावर, मग लखलखाट. मधूनच खोलवर टोचल्यासारखं दुखतं. तसं झालं तर लगेच सांगायचं. थोडा वेळ डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही, तो नुसता झगझगाट असतो. त्या दिवशी मोटरसायकल दुसऱ्याने चालवायची. किंमत मात्र खरी आहे: रात्रीचं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, आणि ते परत येत नाही. नजर वाढवायला लेझर नसतंच, त्यामुळे "लेझर केलं तरी चष्मा तोच" ही तक्रार लागू पडत नाही.

इंजेक्शन त्या रसायनालाच थेट रोखतं. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, अगदी बारीक सुईने औषध जातं. आधी थेंबांनी बधिर करतात, आयोडीनने धुतात; सुईपेक्षा आयोडीनचीच चुरचुर लोकांना जास्त आठवते. डोळ्यावर लाल डाग पडला किंवा एक-दोन दिवस बुडबुडे दिसले तर घाबरायचं कारण नाही. पण नंतरच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, डोळा लाल होत गेला आणि दिसणं कमी झालं, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. हे क्वचितच होतं, पण झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो. सुरुवातीला दर महिन्याला, मग डॉक्टर अंतर वाढवत नेतात. नेमाने घेतलं तर नव्या वाहिन्यांसाठी इंजेक्शन लेझरच्या तोडीचं ठरतं, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. शिवाय कडेची नजरही जास्त टिकते. अडचण 'नेमाने' या शब्दात आहे. इंजेक्शन अर्ध्यावर सुटलं तर वाहिन्या पुन्हा फोफावतात, आणि अशांचे डोळे लेझर केलेल्यांपेक्षा वाईट झालेले आढळले आहेत. नानांची जूनमध्ये पेरणी, दिवाळीनंतर वेचणी, मग लग्नसराई. महिन्याच्या महिन्याला धुळ्याला जाणं जमेल का, हे आधीच विचारायला हवं. माझं मत स्पष्ट आहे: जमण्याची खात्री नसेल तर उजव्या डोळ्याला लेझरच बरं. लेझर झालं तरी तपासणी सुटत नाही; काही आठवड्यांनी वाहिन्या सुकल्या की नाही हे पाहतात, नसतील तर राहिलेल्या जागी आणखी ठिपके देतात.

नानांच्या बहिणीचा हिशोब मात्र उलटा. तिच्या पडद्याच्या मधोमध सूज आली आहे, पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीत ती स्पष्ट दिसते, आणि नजर ६/१८ वर आली आहे. तिथे कडेच्या लेझरने सूज जात नाही, उलट काही काळ वाढूही शकते. तिला आधी इंजेक्शनच हवं, एक-दोन नाही तर ओळीने काही महिने. आणि सूज असूनही नजर ६/६ असेल, तर डॉक्टर कधी कधी सुई न देता नुसतं लक्ष ठेवतात. तेही बरोबरच असतं, मात्र सांगितलेल्या तारखेला जायचं.

म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: माझ्या डोळ्यात नव्या वाहिन्या आहेत, सूज आहे, की दोन्ही?