डायोड परत आणण्याआधी लोड लाइन कुठे टेकली ते बघा

आमचं डायोडचं किट नेलेले निम्मे लोक आठवड्याभरात ग्राफची शीट घेऊन परत दुकानात येतात. "काका, डायोड खराब दिलात. ग्राफवर करंट १.८५ मिलिअँपिअर येतोय आणि मीटर ४.३ दाखवतोय." डायोड बदलून द्यायला आमची ना नाही, दीड-दोन रुपयांची वस्तू ती. पण नवा डायोडही ४.३ च दाखवतो, आणि तुमची दुसरी खेप होते ती वेगळीच.

किटमध्ये ५ व्होल्टचा सप्लाय, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४१४८ डायोड एकामागोमाग जोडायचे आहेत. रेझिस्टरला ओहमचा नियम लागतो, डायोडला लागत नाही, त्याचा स्वतःचा वाकडा ग्राफ असतो. दोघांतून करंट एकच वाहतो. म्हणून डायोडच्या वक्रावर रेझिस्टरची सरळ रेषा, म्हणजेच लोड लाइन, काढायची आणि दोन्ही छेदतील तिथला करंट वाचायचा. रेषेचं सूत्र इतकंच:

```
I = (E - V) / R
```

E म्हणजे सप्लायचा व्होल्टेज, R म्हणजे रेझिस्टर, V म्हणजे डायोडवरचा व्होल्टेज. V शून्य धरला की I = ५ मिलिअँपिअर, हा बिंदू उभ्या अक्षावर मिळाला. I शून्य धरला की V = ५ व्होल्ट. घोटाळा इथेच होतो. आमच्या शीटवरचा आडवा अक्ष १ व्होल्टला संपतो, ५ व्होल्टचा बिंदू कागदावर नाहीच. मग पट्टी कागदाच्या उजव्या कोपऱ्याला, १ व्होल्टला टेकवली जाते. ही रेषा वक्राला साधारण ०.६३ व्होल्टला छेदते आणि करंट १.८५ येतो. तुम्ही सोडवलंत ते १ व्होल्टचा सप्लाय आणि २०० ओहमचं सर्किट. ते आम्ही विकलेलं नाही.

बिंदू कागदाबाहेर असला तरी रेषा कागदावरच आहे. I शून्य धरण्याचा हट्ट सोडा आणि V = १ घाला: (५ - १) भागिले १ किलोओहम, म्हणजे ४ मिलिअँपिअर. डावीकडे ५ आणि उजव्या कडेला ४, हे दोन बिंदू जोडा. रेषा जवळजवळ आडवी दिसेल. दिसू द्या, ती तशीच असते. छेदबिंदू ०.६७ व्होल्ट आणि ४.३ मिलिअँपिअरच्या आसपास मिळेल, म्हणजे मीटर म्हणतो तेवढाच.

दुकानात यायच्या आधी एक बेरीज करून बघा. १.८५ मिलिअँपिअर गुणिले १ किलोओहम म्हणजे १.८५ व्होल्ट, त्यात डायोडचे ०.६३ मिळवले की २.४८. सप्लाय तर ५ चा आहे, मग उरलेले अडीच व्होल्ट गेले कुठे? बेरीज ५ येत नसेल तर रेषा चुकली आहे.

"शीट ५ व्होल्टपर्यंतच का छापत नाही?" असं बरेच जण विचारतात. एकदा छापून पाहिली होती. डायोडचं वळण ०.५ ते ०.७ व्होल्टमध्ये असतं, ते डाव्या कडेला बोटभर जागेत चेपलं गेलं आणि कुणालाच काही वाचता येईना.

काही जण म्हणतात, ०.७ वजा करून भागाकार केला तरी ४.३ येतं, मग एवढा खटाटोप कशाला? ५ व्होल्टला ते चालतं. हाच रेझिस्टर १.५ व्होल्टच्या सेलवर लावा. ०.७ धरून ०.८ मिलिअँपिअर येतात, ग्राफवर साधारण ०.९. इथे लोड लाइनचं खालचं टोक १.५ व्होल्टला असतं, म्हणून तेही कागदाबाहेर जातं. १ व्होल्टचा बिंदू इथे अर्ध्या मिलिअँपिअरवर येईल.

रेषा बरोबर काढूनही थोडा फरक पडला तर आधी रेझिस्टर सर्किटमधून काढून मोजा. सोनेरी पट्टीचा १ किलोओहम ९५० ते १०५० मध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे करंट ४.१ ते ४.५ पर्यंत हलतो. डायोड-डायोडमध्ये २० मिलिव्होल्टचा फरक असला तरी या सर्किटमध्ये करंट फक्त ०.०२ मिलिअँपिअरने बदलतो, म्हणून डायोडवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. आणि घ्यायचाच तर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा: एका बाजूने ०.६ च्या आसपास आकडा आणि उलट्या बाजूने काहीच नाही, तर डायोड ठणठणीत आहे.

ज्यांना ग्राफ आणि मीटर जवळजवळ तंतोतंत जुळवायचे आहेत त्यांच्यासाठी एक टक्क्याचे रेझिस्टर काउंटरवर सुटे मिळतात. कोऱ्या शीट मागा, त्यांचे पैसे घेत नाही. आणि डायोड परत आणताना तुम्ही रेषा काढलेली शीट सोबत आणा, आम्ही आधी तीच बघतो.