खोकला आणि शिंक

श्वसनमार्गात शिरलेली नको ती वस्तू हवेच्या झोताने बाहेर फेकणाऱ्या दोन प्रतिक्षिप्त क्रिया. शिंक नाकाची राखण करते, तर खोकला स्वरयंत्राची आणि त्याखालच्या श्वासनलिकांची. दोन्हींसाठी लागणारे स्नायू जवळजवळ तेच असतात. वेगळे असतात ते खबर देणारे मज्जातंतू आणि ती खबर घेणारी मेंदूतली केंद्रे. फोडणीत लाल मिरची जळली की हा फरक स्वयंपाकघरातच दिसतो. तिखटाचा तोच रेणू, कॅप्सायसिन, नाकातल्या मज्जातंतूंच्या टोकांना लागला तर माणूस शिंकतो आणि घशाखाली गेला तर खोकतो. दोन्ही ठिकाणी हा रेणू ओळखणारा ग्राहक एकच आहे, टीआरपीव्ही१ नावाचा. प्रतिसाद काय यायचा हे ठिणगी कुठे पडली यावर ठरते.

खोकल्याची खबर व्हेगस नेते. ही दहावी मस्तिष्क चेता. स्वरयंत्र, श्वासनाल आणि मोठ्या श्वासनलिका यांच्या अस्तरात तिची टोके पसरलेली असतात. ती सर्वांत दाट असतात स्वरयंत्रात आणि श्वासनाल जिथे उजव्या-डाव्या फांद्यांत दुभंगते त्या कडेवर, म्हणजे कॅरायनावर. दुर्बिणीतून फुफ्फुस तपासणाऱ्या डॉक्टरांना हे रोज अनुभवायला मिळते. दुर्बिणीचे टोक स्वरतंतूंना किंवा कॅरायनाला टेकले की रुग्ण उसळून खोकतो, म्हणून तिथे बधिर करणारे लिग्नोकेन आधीच फवारतात. तंतू मुख्यतः दोन जातींचे. एक जात स्पर्शाला आणि आम्लाला झटकन प्रतिसाद देते. दुसरी, सी-तंतूंची, दाहातून सुटणाऱ्या रसायनांना आणि तिखटाला संवेदनशील असते. पाण्याचा घोट चुकून ‘वर गेल्यावर’ लागणारा ठसका पहिल्या जातीचा आणि सर्दीनंतर आठवडाभर रेंगाळणारी कोरडी ढास बरीचशी दुसऱ्या जातीची.

ही खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतल्या चेतापेशींच्या एका पुंजक्यात, म्हणजे केंद्रकात पोहोचते. श्वासाची लय राखणाऱ्या चेतापेशी तिथून जवळच असतात. खोकला त्याच पेशींना काही क्षण वेगळ्या कामाला लावतो. मग उलटे आदेश सुटतात: मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जारज्जू-खंडांतून निघणारी फ्रेनिक चेता श्वासपटलाला, छातीतल्या चेता बरगड्यांमधल्या आणि पोटाच्या स्नायूंना, आणि व्हेगसचीच एक मागे वळलेली फांदी स्वरयंत्राला आदेश देते.

पुढचा क्रम असा. आधी एक खोल श्वास घेतला जातो. मग स्वरतंतू घट्ट मिटतात आणि सुमारे ०.२ सेकंद तसेच राहतात. त्याच वेळी पोटाचे आणि छातीचे स्नायू आकसू लागतात. बाहेरची वाट बंद असल्याने छातीतला दाब चढत जातो. जोरदार खोकल्यात तो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे, म्हणजे हृदयाकडून निघणाऱ्या रक्ताच्या दाबाच्या दुप्पट-अडीचपट. मग स्वरतंतू एकदम उघडतात आणि आपल्याला ऐकू येतो तो आवाज होतो. बाहेरून चढलेल्या या दाबाने श्वासनालीची मागची मऊ भिंत आत दबते आणि मार्ग अरुंद होतो. बागेतल्या रबरी नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तसा हवेचा वेग वाढतो आणि भिंतीला चिकटलेला कफ सुटून येतो.

यातला एक दुवा निकामी झाला की खोकल्याचा आवाजच बदलतो. डावीकडची मागे वळणारी फांदी महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर येते. तिथे गाठ वाढली आणि तो स्वरतंतू लुळा पडला तर खोकल्याला फटकारा उरत नाही. बोदा, लांबट आवाज येतो, आणि वैद्यकात त्याला गुरांच्या खोकल्याची उपमा देतात. स्नायू दुबळे झाले तर जोर जातो. तो मोजता येतो. निरोगी प्रौढाच्या खोकल्यातला सर्वाधिक झोत मिनिटाला ३६० लिटरच्या वर असतो. मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजारांत तो २७०च्या खाली गेला तर छातीच्या साध्या संसर्गातही धोका वाढतो, आणि १६०च्या खाली स्वतःहून कफ बाहेर येणे अवघड. अशा रुग्णांना हाताने पोट दाबून किंवा यंत्राने खोकायला मदत द्यावी लागते.

जोर शाबूत असूनही खोकला हरतो, आणि घरात सर्वांत जास्त कामाला येणारी माहिती ती हीच. दोन वर्षांचे मूल धावताना किंवा हसताना शेंगदाणा खाते. सगळ्या दाढा अजून आलेल्या नसतात, दाणा अर्धवट चावलेला असतो आणि मुलाने अचानक श्वास घेतला की तो स्वरतंतूंच्या फटीतून खाली जातो. लगेच जबर खोकला येतो, चेहरा लाल होतो, कधी ओठ निळसर होतात. हे दोन-चार मिनिटे चालते आणि मग थांबते. घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा. अनेकदा दाणा सुटलेला नसतो, तो कॅरायना ओलांडून बहुधा उजव्या मुख्य श्वासनलिकेत, जी डावीपेक्षा रुंद आणि सरळ आहे, जाऊन बसलेला असतो. तिथे रुतलेल्या वस्तूचा स्पर्श बदलत नाही, आणि स्पर्शाची ती झटकन प्रतिसाद देणारी टोके तशीच झटकन गप्पही होतात. म्हणून खोकला थांबणे हा धोका टळल्याचा पुरावा नव्हे.

यानंतरचा शांत काळ काही तासांचा असतो किंवा काही आठवड्यांचा. शेंगदाण्यातल्या तेलाने अस्तर सुजते, दाणा फुगतो, पलीकडे कफ साचतो. मूल पुन्हा खोकू लागते, एकाच बाजूला सू-सू आवाज येतो, ताप येतो आणि न्यूमोनियाचे निदान होते. औषधाने बरे वाटते आणि त्याच जागी पुन्हा उद्भवते. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. श्वास सोडताना काढलेल्या चित्रात मात्र खूण सापडू शकते: दाणा झडपेसारखा वागला तर हवा आत जाते पण बाहेर येत नाही, आणि त्या बाजूचे फुफ्फुस फुगलेलेच राहते. चित्र साधे आले तरी संशय फिटत नाही. घडलेला ठसका नीट सांगणे हा निदानातला सर्वांत महत्त्वाचा भाग असतो. काढण्याचा मार्ग म्हणजे भूल देऊन कडक नळीच्या दुर्बिणीतून दाणा चिमट्याने पकडणे. म्हणूनच चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया देऊ नयेत.

प्रत्यक्ष ठसका लागला असताना एक गोष्ट आधी पाहावी: मूल आवाजासह खोकते आहे का? खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. पाठीवर थोपटून किंवा तोंडात बोट घालून मध्ये पडू नये, बोटाने वस्तू आणखी खाली जाऊ शकते. आवाज बंद झाला, श्वास घेता येईनासा झाला, तर मात्र खोकल्याचे काम बाहेरून करावे लागते: दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच थापा, नंतर एक वर्षावरच्या मुलाच्या बेंबीच्या वर पोटात आत आणि वर पाच झटके. एक वर्षाखालच्या बाळाला पोटाऐवजी छातीवर दाब देतात.

लकवा झालेल्या काही रुग्णांत उलटा प्रकार दिसतो. तिथे खबरच जात नाही. पातळ चहा श्वासनालीत उतरतो आणि एकही ठसका येत नाही. हा मूक प्रकार शिताफीने ओळखावा लागतो: जेवणानंतर ओलसर, घुरघुरणारा आवाज, वारंवार ताप. असा रुग्ण गिळताना खोकत नाही म्हणून ‘नीट खातोय’ असे म्हणणे धोक्याचे.

शिंकेची खबर नेते ट्रायजेमिनल, पाचवी मस्तिष्क चेता. नाकाच्या पुढच्या भागाचे अस्तर तिच्या पहिल्या शाखेकडे, मागचे दुसऱ्या शाखेकडे. धूळ, तपकीर, थंड हवा, किंवा ॲलर्जीत सुटणारे हिस्टामिन या टोकांना चेतवते आणि आवेग लंबमज्जेतल्या ट्रायजेमिनलच्या केंद्रकात जातो. २०२१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर झालेल्या कामात या वाटेवरचा एक टप्पा सापडला. न्यूरोमेडिन बी या रेणूला प्रतिसाद देणाऱ्या काही पेशी नष्ट केल्या की उंदीर शिंकेनासे झाले, पण त्यांचा श्वास चालूच राहिला. माणसातही लंबमज्जेच्या बाजूच्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यावर शिंक नाहीशी झाल्याच्या नोंदी आहेत.

शिंकेला एक प्रस्तावना असते. नाक हुळहुळते, सातव्या चेतेच्या वाटेने जाणाऱ्या तंतूंमुळे नाकात आणि डोळ्यांत पाणी येते, आणि शिंक कधी येते तर कधी येता येता राहते. उंबरठा ओलांडला की मात्र मागे फिरणे नाही: खोल श्वास, स्वरतंतू बंद, दाब, आणि झोत. खोकल्यातला झोत तोंडावाटे जातो. शिंकेत जिभेचा मागचा भाग वर उचलला गेल्याने त्यातला बराचसा भाग नाकाकडे वळतो. नाक धुऊन काढणे हाच शिंकेचा उद्देश. मनात आणून खोकता येते, कारण मोठ्या मेंदूचा हात लंबमज्जेपर्यंत पोहोचतो. पण मनात आणून शिंकता येत नाही, आणि गाढ झोपेत शिंक येतही नाही. डोळे मिटणे हा त्याच क्रियेचा भाग आहे. उघडे ठेवले तर बुबुळे बाहेर पडतात, ही निव्वळ समजूत. काही लोकांना एकदम उन्हात आल्यावर शिंका येतात. ही खोड आईबापांकडून येते. दृष्टीची आणि ट्रायजेमिनलची वाट कुठेतरी एकमेकींना लागत असावी, असे मानतात.

नाक आणि तोंड दाबून शिंक अडवण्याची सवय मात्र सोडावी. बंद वाटेत तोच दाब घशाच्या भिंतींवर येतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या एका तरुणाने असे केल्यावर घशाच्या मागच्या भिंतीला छेद गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. मान सुजली, गिळताना दुखू लागले आणि हवा त्वचेखाली भरली. कोपराच्या आतल्या बाजूत किंवा रुमालात शिंकणे पुरते.

राहता राहिले वाट चुकलेले खोकले. व्हेगसची एक छोटी फांदी कानाच्या बाह्य नळीलाही जाते, म्हणून कानातला मळ काढताना काही लोक खोकतात. अन्ननलिकाही व्हेगसच्याच अखत्यारीत, त्यामुळे जठरातले आम्ल वर आल्यावर छातीत काही नसताना खोकला येतो. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांपैकी काहींना घशात खवखवणारा कोरडा खोकला लागतो, कारण या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचे रसायन साचून तंतू हळवे होतात. खोकल्याच्या पातळ औषधाने तो जात नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो, काहींना तीन महिनेही लागतात. ॲलर्जीची गोळी शिंका थांबवते, कारण तिथे हिस्टामिन हाच मुख्य चेतक. या खोकल्यावर ती चालत नाही.