एक्झॅक्ट इक्वेशनचा तो पाठ केलेला फॉर्म्युला आला कुठून

परवा दांडिया बाजारातल्या घरी भाची वही घेऊन आली, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, म्हणे मामा एक्झॅक्टची टेस्ट पास होतेय, फॉर्म्युला पण बरोबर लावलाय, तरी उत्तर पुस्तकाशी जुळत नाहीये. गणित होतं `(x+y)² dx + (x+y)² dy = 0`. `dx` चा गुणक `M`, `dy` चा गुणक `N`, आणि इथे दोन्ही तेच, `M` चं `y` ने आणि `N` चं `x` ने डेरिव्हेटिव्ह घेतलं की दोन्हीकडे `2(x+y)`, म्हणजे एक्झॅक्ट आहेच, डावी बाजू एकाच मूळ फंक्शनच्या डेरिव्हेटिव्हमधून आलेली.

ही टेस्ट तशी जुनी. `x` आधी की `y` आधी, डेरिव्हेटिव्हचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं हे निकोलस बर्नुली आणि ऑयलर या गणितज्ञांनी 1720-30 च्या दशकांत ओळखलेलं. फ्रान्समध्ये क्लेरो आणि फोंतेन दोघंही तिथेच पोचले, आणि क्लेरोने 1739-40 च्या लेखांत उलटी बाजू मांडली, की अट पाळली तर मूळ फंक्शन परत काढता येतं. त्याची रीत सरळ आहे. `y` ला कॉन्स्टंट धरून `M` चं `x` ने इंटिग्रेशन करायचं, आणि शेवटी नुसता `C` नाही तर `y` चं एक अनोळखी फंक्शन `g(y)` जोडायचं, कारण `x` ने डेरिव्हेटिव्ह घेताना ते गायब झालेलं असू शकतं. मग सगळ्याचं `y` ने डेरिव्हेटिव्ह घेऊन `N` शी जुळवायचं, `g′` मिळतं. त्यात `x` उरला तर समजा कुठेतरी चुकलंय, किंवा इक्वेशन एक्झॅक्ट नव्हतंच.

आपल्याकडे परीक्षेसाठी याचा शॉर्टकट पाठ करतात, `M` चं इंटिग्रेशन अधिक `N` मधल्या `x` नसलेल्या टर्म्सचं. मीही तोच घोकलेला. भाचीने `M` चं इंटिग्रेशन `(x+y)³/3` काढलं, `N` उघडून `y²` उचललं, आणि लिहिलं `(x+y)³/3 + y³/3 = C`. आता याचं `y` ने डेरिव्हेटिव्ह घ्या, येतं `(x+y)² + y²`, `N` पेक्षा `y²` जास्त! क्लेरोच्या रीतीने गेलं तर `(x+y)² + g′ = (x+y)²`, म्हणजे `g′` शून्य, उत्तर नुसतं `(x+y)³/3 = C`.

गंमत म्हणजे `M` आधी उघडून घेतलं असतं तर इंटिग्रेशन `x³/3 + x²y + xy²` आलं असतं, आणि त्यात `y³/3` मिळवल्यावर बरोबर तेच `(x+y)³/3`. म्हणजे `(x+y)³/3` मध्ये `y³/3` आधीच लपून बसलेलं, तिने ते दोनदा मोजलं. शॉर्टकट चालतो तो इंटिग्रेशनमध्ये `x` शिवायची टर्म नसेल, म्हणजे `x = 0` टाकल्यावर ते शून्य होत असेल तेव्हा हमखास, आणि ही अट तिच्या नोट्समध्ये कुठे नव्हती, खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती.