वर जात नाही, पण सावकाश खाली येतंय! हे कसं?
(पुलअपच्या बॅचला नवीन येणाऱ्यांसाठी आमच्या जिमचं माहितीपत्रक)

आमच्या इथं पुलअप शिकायला आलेल्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी पुलअप मारायला सांगतच नाही, स्टुलावर चढवतो, हनुवटी बारच्या वर आणायला लावतो आणि म्हणतो आता सावकाश खाली या. मग समोरचा आमच्याकडं असं बघतो की हे काय शिकवायला लागलेत. परवा वडगावचा एक पोरगा आला, पॉवरलूमवर काम करतोय, तो तर सरळ म्हणाला, "ओ सर, वर जायला शिकवा की, खाली तर आपोआप पण येतोय." आपोआप येत नाही ते. त्याचं कारण नीट समजलं तर पुढचे दोन महिने इथं आम्ही तुमच्याकडनं काय करून घेणार आहे तेपण समजेल, म्हणून हा कागद.

स्नायू जोर लावतानाच आखडत जातो, म्हणजे डंबेल वर येतंय, कोपर वाकतंय, तर त्याला कॉन्सेन्ट्रिक म्हणतात. स्नायूनं जोर तर लावलाय पण वजन त्याला ओढून लांब करतंय, म्हणजे डंबेल हळूहळू खाली चाललंय, ते इसेन्ट्रिक, जिममध्ये सगळे त्याला निगेटिव्ह म्हणतात. दोन्हीत काम करणारा स्नायू तोच, बायसेप्सचा. बऱ्याच जणांना वाटतं की खाली आणताना मागचा ट्रायसेप्स काम करतो, तसं नाही, वजनाला खाली ओढायला पृथ्वी आहेच, बायसेप्स फक्त तिला अडवत अडवत सोडतोय.

आता मुद्दा हा की तोच स्नायू, तोच माणूस, पण अडवताना तो जास्त वजन पेलतो. का, ते बघायला स्नायूच्या आत जावं लागतं. आत दोन प्रकारचे बारीक धागे शेजारी शेजारी असतात, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन. मायोसिनला लहान लहान डोकी असतात, ती अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढं जाऊन परत पकडतात. हे रस्सीखेचीसारखं आहे बघा. तुमची टीम दोर आपल्याकडं ओढत असते तेव्हा प्रत्येकाला हात सोडून पुढं टाकून परत पकडायला लागतं, म्हणजे कुठल्याही क्षणी थोडे हात रिकामेच असतात, आणि दोर जितक्या स्पीडनं आत येतोय तितके रिकामे हात जास्त. पण समोरची टीम दोर खेचून न्यायला लागली की सगळ्यांचे हात दोराला घट्ट, दंड ताणलेले, कुणीच सोडायला तयार नाही. मायोसिनची पकड तशीच ताणली जाते, आणि ताणलेली पकड जास्त जोर धरते. शेवटी ती सुटते ती ओढून सुटते, आणि लगेच परत चिकटते.

ह्यात खर्चाची पण गोष्ट आहे. वजन उचलताना मायोसिनची पकड सुटायला दर वेळी एटीपी लागतंय, एटीपी म्हणजे स्नायूचं इंधन. खाली आणताना बऱ्याचशा पकडी ओढूनच सुटतात, त्यामुळं इंधन कमी जळतं. शिवाय स्नायूत टायटिन नावाचं एक स्प्रिंगसारखं प्रोटीन असतं, स्नायू जोरात असताना ते कडक होतं आणि ताणलं की तेपण थोडा भार घेतं. त्याला तर काहीच खायला लागत नाही.

१९५२ साली इंग्लंडमध्ये तीन शास्त्रज्ञांनी हे लय मजेशीर पद्धतीनं दाखवलं होतं. दोन सायकली पाठीला पाठ लावून एका चेननं जोडल्या, एकानं पुढं पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं उलट्या फिरणाऱ्या पेडलला पायानं अडवायचं. दोघांचा स्पीड सारखा, दोघांच्या पायावर जोर सारखा, पण पेडल मारणाऱ्याला ऑक्सिजन दुपटीहून जास्त लागला, आणि स्पीड वाढवला तसा हा फरक अजून वाढत गेला. ह्याच्या जाहीर प्रयोगात एका बारीक अंगाच्या बाईनं नुसतं अडवून अडवून एका धिप्पाड गड्याला दमवलं होतं. येळ्ळूरचा राजहंसगड चढताना ज्यांचा दम निघतो आणि उतरताना गप्पा मारत येतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. मांड्या कधी धरतात ते खाली येईल.

किती जास्त वजन पेलतंय, ते आकडे जपून घ्या. प्रयोगशाळेत नुसता स्नायू काढून ताणून बघितला तर तो एका जागी धरून ठेवण्याच्या ताकदीच्या दीडपटीच्याही वर जातो. जिवंत माणसात एवढं होत नाही, कारण मेंदू मध्ये ब्रेक मारतो, स्नायू ज्या तंतूंचा बनलाय ते सगळे तंतू तो, खास करून नवीन माणसाला, एकदम लावूच देत नाही. म्हणून आम्ही नवीन माणसाला धरून ठेवण्याच्या ताकदीवर २० टक्केच धरतो, जास्त धरत नाही, काही जणांना तेवढं पण मिळत नाही. आणि उचलण्याची ताकद धरून ठेवण्याच्या ताकदीपेक्षा कमीच असते, जेवढं स्पीडनं उचलाल तेवढी अजून कमी.

आता वडगावच्या त्या पोराचाच हिशोब बघू. वजन ७४ किलो. बारखाली आम्ही एक बुटकं स्टूल ठेवतो, त्याच्यावर घरातला वजनकाटा, त्याच्यावर पोरगं उभं, कोपर काटकोनात वाकेल अशा उंचीवर बार. पाय न उडवता बार खाली ओढायचा जेवढा जोर आहे तेवढा. काट्यावरचा आकडा उतरत उतरत १० वर थांबला, म्हणजे पायावर १० राहिले, हातांनी ६४ किलो धरले. झाली ह्याची धरून ठेवायची ताकद, ६४. वर जायला ७४ च्या वर पाहिजे, म्हणून ह्याचा पुलअप होणार नाही, कितीपण ओरडा. पण ६४ वर २० टक्के म्हणजे साधारण ७७, आणि ते ७४ पेक्षा जास्त आहे. म्हणून हा खाली येताना स्वतःला अडवू शकतो. फरक तीन किलोचा, म्हणजे एकदम काठावर.

काठावर आहे म्हणून काय होतंय ते पण दिसलं. पहिल्यांदा पाच सेकंद मस्त आला, दुसऱ्यांदा चारच्या आसपास, तिसऱ्यांदा वरचा अर्धा भाग ठीक, आणि कोपर काटकोनाच्या खाली गेलं की धपकन सुटला. त्याचं दमणं चार-पाच किलोचंच असेल, पण ७७ चे ७२ झाले की ७४ अडत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा, स्पीड तुमच्या हातात नाही राहिला की तो सेट तिथंच बंद. सुटत सुटत मारलेल्या निगेटिव्हमध्ये स्नायूवर काम होत नाही, खांद्याला आणि कोपराला फक्त झटका बसतोय.

तेच ६४ ची ताकद असलेला पण ८६ किलोचा माणूस आला तर ७७ नं काही भागत नाही, तो स्टुलावरनं पाय काढला की खालीच. त्याला आम्ही एक पाय स्टुलावर ठेवून यायला सांगतो, काट्यावर पाहून दहा-बारा किलो पायावर राहतील एवढंच. इथं बऱ्याच जणांना लाज वाटते, त्याची काही गरज नाही, आकड्याचा विषय आहे.

लॅट पुलडाऊनच्या मशीनवर हे मोजू नका. जुन्या पुलीत घर्षण असतं, ते ओढताना तुमच्या विरुद्ध असतं आणि सोडताना तुमच्या बाजूनं. समजा पुली तीन किलोचं अडवते, तर ६० ची प्लेट वर ओढायला ६३ लागतील आणि खाली सोडताना हाताला ५७ च येतील. माणूस म्हणतो माझी निगेटिव्ह लय भारी आहे, आणि त्यातला अर्धा मान पुलीचा असतो. (आमची पुली पण जुनीच आहे, मालकाला सांगून झालंय.)

आता दुखण्याचं. वजन तेवढंच असलं तर खाली आणताना शरीर कमी तंतू कामाला लावतं, म्हणून प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो, वरनं ते ताणले जातात, आणि आत बारीक बारीक फाटाफूट होते. म्हणून पहिल्या निगेटिव्हनंतर त्याच दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात सरळ होत नाही, केस विंचरताना बोंब. राजहंसगडावरनं रविवारी उतरलात की मंगळवारी जिना उतरताना मांड्या धरतात तेच हे. लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय असं सगळे सांगतात, पण ते तासाभरात निघून जातंय, दोन दिवस बसत नाही. चांगली गोष्ट ही की एकदा हे सोसलं की पुढच्या वेळी त्याच कामानं पुष्कळ कमी दुखतं, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो, म्हणून पहिल्या दिवशी थोडंच करून घ्यायचं.

म्हणून पहिल्या आठवड्यात दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवस सुट्टी, एका दिवशी तीन-तीनचे दोन सेट, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदात खाली, दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. वर यायचं ते स्टुलावर चढूनच, उडी मारून नाही. मित्राबरोबर पैज लावून पहिल्याच दिवशी पन्नास मारू नका. हात सुजून टणक झाला, दुखणं उतरायच्या ऐवजी वाढत चाललं, आणि लघवी चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी गडद व्हायला लागली तर आम्हाला फोन करत बसू नका, तसंच दवाखान्यात जा, स्नायू फुटून त्यातला माल किडनीवर येतो तेव्हा असं होतंय. खांदा आधी कधी उखडला असेल, कोपराचं ऑपरेशन झालं असेल, बीपीची गोळी चालू असेल तर स्टुलावर चढायच्या आधी सांगा.

बेंच प्रेसची निगेटिव्ह मागणाऱ्यांसाठी एवढंच, पुलअपमध्ये सुटलात तर पायावर उभे राहता, तिथं सुटलात तर रॉड छातीवर असतो. दोन्ही बाजूला एकेक माणूस असल्याशिवाय आम्ही ते करू देत नाही, गर्दीच्या वेळेला तर नाहीच.

दर दोन आठवड्यांनी काट्यावर परत उभं करतो आणि आकडा तुमच्या कार्डावर लिहितो. वडगावच्या पोराला ७४ च्या पुढं जायचं आहे, धरून ठेवायची ताकद ७४ झाली तरी लगेच पुलअप येत नाही, कारण वर सरकायला अजून थोडी शिल्लक लागते, आमच्या हिशोबानं ७८-८० आले की पहिला निघतो. काटा काउंटरच्या खालच्या कप्प्यात आहे, मागितला की मिळतो, फक्त बूट काढून उभे राहा.