‘भाव तोच राहिला’ आणि ‘भाव पाहिलाच नाही’: इंधनदराच्या वहीतला नेहमीचा घोळ

पेट्रोल-डिझेलच्या शहरवार दरांचा तक्ता करणारे हौशी लोक बरेच आहेत, मीही त्यातलाच. त्यामुळे पुढचं सगळं थोडं वैतागूनच लिहितोय. दर महिन्याला कुणी ना कुणी आपला आलेख दाखवतं. त्यात मुंबईची रेघ तीन-चार महिने काचेवर ओढल्यासारखी सपाट असते. मी विचारतो, “हा भाव खरंच स्थिर होता, की तुमची स्क्रिप्ट झोपली होती?” उत्तर येतं, “तेच ना, भाव बदलला असता तर नोंद झाली असती.” हे ‘तेच ना’ मला छळतं, कारण ते तेच नाही.

माहीत असलेलं पटकन उरकू. 16 जून 2017 पासून देशभर दर रोज ठरतात, त्याआधी महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला बदलायचे. नवा दर सकाळी 6 वाजता लागू होतो. मुंबईचा दर दिल्लीपेक्षा चढा असतो तो मुख्यतः राज्याच्या करामुळे. एकाच राज्यात परभणी महाग पडते, कारण तिथे टँकर लांबून येतो. शहराच्या नावासमोर दर दाखवणारी बहुतेक पानं फक्त आजचा आकडा दाखवतात. उद्या सकाळी त्याच जागी नवा आकडा बसतो आणि कालचा गेलेला असतो. चार महानगरांचे जुने दर सरकारी तक्त्यांत सापडतात, पण हिंगोली किंवा सिंधुदुर्गचे हवे असतील तर ते आपणच रोज उतरवून ठेवायला हवेत. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं.

मतभेद होतो तो कसं उतरवायचं यावर. काही जण रोजची वही ठेवतात: आज पाहिलं, इतका होता, लिहिलं. काही जण बदलाची वही ठेवतात: आज पाहिलं, कालचाच होता, मग कशाला लिहायचं? दुसरी पद्धत हुशार वाटते. ओळी कमी, फाइल सुटसुटीत, प्रत्येक ओळ म्हणजे एक बातमी. दोन्ही वह्यांत माहिती तीच आहे, मांडणी फक्त वेगळी, असं लोक समजतात. सगळा घोळ इथेच आहे.

बदलाच्या वहीत रिकाम्या जागेला दोन अर्थ असतात. एक, मी पाहिलं आणि भाव तोच होता. दोन, मी पाहिलंच नाही: नेट नव्हतं, पानाची रचना बदलली, सर्व्हर बंद होता. वहीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. सहा महिन्यांनी तुम्ही स्वतःसुद्धा सांगू शकणार नाही की कोणती रिकामी जागा कसली होती. ज्या वस्तूचा भाव रोज हलतो तिथे हे खपून जातं, कारण तीन दिवस ओळ नाही म्हटल्यावर शंका येतेच. आपल्या इंधनदरांचा स्वभाव मात्र उलटा आहे. रोज बदलण्याची सोय असूनही ते महिनोन्महिने गोठतात आणि मग अचानक धावत सुटतात. इथे शांतता संशयास्पद वाटतच नाही.

एक खरा काळ घेऊन बघू. 4 नोव्हेंबर 2021 ला उत्पादन शुल्कात कपात झाली आणि मुंबईत पेट्रोल लिटरला 109.98 रुपयांवर आलं. तिथून 22 मार्च 2022 पर्यंत, साडेचार महिने, ते तिथेच होतं. 22 ला 110.82 झालं, 23 ला 111.67. 24 ला बदल नाही. 25 ला 112.51, 26 ला 113.35, 27 ला 113.88. असं करत 6 एप्रिलला 120.51. सोळा दिवसांत चौदा वाढी, आणि मध्ये दोनच दिवस शांत: 24 मार्च आणि 1 एप्रिल.

आता समजा, तुमची स्क्रिप्ट 25 आणि 26 ला पडली आणि 27 ला उठली. बदलाच्या वहीत ओळी येतील 22, 23 आणि 27 च्या. ती वही ठासून सांगेल की 24, 25, 26 हे तीन दिवस भाव स्थिर होता आणि 27 ला एकदम 2 रुपये 21 पैशांची उडी बसली. प्रत्यक्षात 84, 84 आणि 53 पैशांच्या तीन वाढी होत्या आणि शांत दिवस एकच. डिझेलच्या वहीतही हीच चूक होणार. मालवाहतुकीच्या करारात भाडं डिझेलच्या त्या-त्या दिवशीच्या दराला बांधलेलं असेल, तर 26 तारखेच्या फेरीचं बिल तुमच्या तक्त्यावरून चुकीचं निघेल. रोजच्या वहीत 24 समोर आकडा असेल आणि 25, 26 समोर काही नसेल. तिला त्या दोन दिवसांचा भाव माहीत नाही, पण माहीत नाही हे ती लपवत नाही.

याहून मजेशीर प्रकार `GitHub Actions` वर होतो. फुकट आहे, वेळापत्रक लावता येतं, म्हणून बरेच जण तिथेच स्क्रिप्ट ठेवतात आणि फाइल बदलली तरच कमिट करतात. सार्वजनिक रिपॉझिटरीत 60 दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर तिथली वेळापत्रकावरची कामं आपोआप बंद होतात. वरच्याच काळात कुणी फक्त मुंबईच्या दराची अशी वही चालवली असती, तर शेवटचं कमिट 4 नोव्हेंबरचं. भाव गोठलेला, म्हणून कमिट नाही. कमिट नाही, म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला काम बंद. आणि 22 मार्चला, ज्या दिवसासाठी एवढा खटाटोप केला, त्या दिवशी वही मिटलेली. म्हणजे भाव स्थिर राहिल्यामुळेच वही मेली, आणि वही मेल्यामुळे भाव स्थिर दिसत राहिला. रोज एक ओळ लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही, त्याची हालचाल रोज असतेच.

“पण रोज तेच तेच लिहून फाइल फुगते” हा युक्तिवाद मला ऐकवू नका. महाराष्ट्राचे 36 जिल्हे, दोन इंधनं, 365 दिवस: वर्षाला 26,280 ओळी. फोनमधल्या एका फोटोएवढीही जागा लागत नाही.

रोजच्या वहीतून बदलाची यादी केव्हाही काढता येते, उलटं कधीच जमत नाही. म्हणून बदल साठवायचे नाहीत, ते मागाहून मोजायचे. माझ्याकडे हे एवढंच आहे:

```sql
SELECT aadhi_tarikh, tarikh, aadhi, paise FROM (
  SELECT tarikh, paise,
    LAG(tarikh) OVER (ORDER BY tarikh) AS aadhi_tarikh,
    LAG(paise)  OVER (ORDER BY tarikh) AS aadhi
  FROM nondi
  WHERE shahar='Mumbai' AND indhan='petrol'
    AND paise IS NOT NULL
) AS t WHERE paise <> aadhi;
```

यात `aadhi_tarikh` का घेतली ते बघा. प्रत्येक बदल दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी झालेला असतो. त्या लागोपाठच्या असतील तर बदलाची तारीख पक्की. 24 आणि 27 अशा असतील तर ‘या दरम्यान केव्हातरी’ एवढंच म्हणायचं, 27 ला झाला म्हणायचं नाही. आणि भाव पैशांत, पूर्णांकात: 11167. दशांशात ठेवून नंतर 84 पैशांची वाढ 0.8400000000000034 अशी छापणारे तक्ते मी पाहिले आहेत.

`paise IS NOT NULL` ही अट आहे कारण फसलेला प्रयत्नसुद्धा मी नोंदवतो. पान उघडलं नाही तरी त्या दिवसाची ओळ पडते, भावाचा रकाना रिकामा आणि शेजारी कारण. यामुळे ‘तोच होता’, ‘पाहायला गेलो पण दिसला नाही’ आणि ‘गेलोच नाही’ हे तिन्ही प्रकार वहीत वेगवेगळे ओळखू येतात. आलेखातही रिकाम्या दिवशी रेघ तुटली पाहिजे. दोन टोकं जोडून देणारी आलेखाची सोय मी पहिल्यांदा बंद करतो.

एक चोरवाट उरते: स्क्रिप्ट व्यवस्थित चालली, पण पानच शिळं होतं. बरीच पानं वरच्या बाजूला ‘आजचे दर’ म्हणून तारीख छापतात आणि ती तारीख नुसती घड्याळातून आलेली असते. खाली आकडा चार दिवसांपूर्वीचा असला तरी वर आज. त्या तारखेवर मी विश्वास ठेवत नाही. गोठलेल्या काळात आकड्यावरूनही शिळेपण ओळखू येत नाही. म्हणून एखाद्या शहरासाठी दुसरा मार्ग ठेवतो. इंडियन ऑइलच्या पंपाचा कोड माहीत असेल तर `RSP` आणि पुढे तो कोड असा एसएमएस 9224992249 वर पाठवला की त्या पंपाचा दर येतो. आठवड्यातून एकदा पुरतं. दोन-पाच पैशांचा फरक असेल तर घाबरू नये, एकाच शहरातल्या दोन पंपांत तेवढा असतो. फरक रुपयात गेला तर पान शिळं आहे असं धरून मी शोध सुरू करतो.

या पैशांवरूनच दुसरी एक चीड. महानगरांत भाव गोठलेला असताना जिल्ह्यांची पानं रोज पाच-दहा पैसे वर-खाली दाखवतात, आणि लोक ‘नाशकात पेट्रोल स्वस्त’ म्हणून ओरडतात. तो बहुतेक वेळा वेगळ्या पंपाचा आकडा असतो. वहीत तो जसाच्या तसा लिहावा, पण आलेखावर त्याला बदल म्हणून रंगवू नये. मी 25 पैशांखालचं काही रंगवत नाही.

तारखेचं थोडक्यात. भावाचा दिवस सकाळी 6 ला सुरू होतो, मध्यरात्री नाही. पहाटे 5 ला उतरवलेला भाव कालचा असतो. भारतीय वेळेतून सहा तास वजा करा आणि जी तारीख येईल ती लिहा. गंमत म्हणजे सर्व्हर यूटीसीवर असेल आणि तुम्ही काहीच केलं नाहीत, तरी तारीख जवळपास बरोबर पडते, कारण यूटीसीचा दिवस आपल्या साडेपाचला उजाडतो. चूक फक्त साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात. माझी स्क्रिप्ट आपल्या सातला, म्हणजे यूटीसीच्या दीडला चालते:

```
30 1 * * *
```

आणि सुटलेले दिवस मागाहून वर्तमानपत्रातून भरायचे असतील तर खुशाल भरा, फक्त वेगळ्या रकान्यात ‘नंतर भरलं’ अशी खूण ठेवा. माझ्या वहीत असे अकरा दिवस आहेत. आलेखावर ते पोकळ ठिपक्यांनी दिसतात, आणि लोक मला दर वेळी विचारतात की हे ठिपके पोकळ का.