इंडक्शन मोटरचा टॉर्क-वेग वक्र

ठरावीक व्होल्टेज आणि वारंवारता दिली असता इंडक्शन मोटर कोणत्या वेगाला किती टॉर्क देते, हे दाखवणारा आलेख म्हणजे तिचा टॉर्क-वेग वक्र. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर टॉर्क. डाव्या टोकाला मोटर उभी असते. तिथला टॉर्क हा सुरुवातीचा टॉर्क. तिथून वक्र थोडा खाली झुकतो आणि या खोलगट भागातला सगळ्यात कमी टॉर्क म्हणजे पुल-अप टॉर्क. पुढे वक्र चढत जाऊन शिखर गाठतो, तो ब्रेकडाउन टॉर्क. शिखराच्या उजवीकडे तो झपाट्याने उतरतो आणि समकालिक वेगाला शून्यावर येतो. मोटर रोज काम करते ती या शेवटच्या उतारावर.

समकालिक वेग म्हणजे स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग. चार पोलच्या मोटरसाठी ५० हर्ट्झला तो मिनिटाला १५०० फेरे असतो. रोटर त्याच्यापेक्षा जितका मागे राहतो, त्याचे समकालिक वेगाशी असलेले प्रमाण म्हणजे स्लिप. रोटर क्षेत्राच्या वेगानेच फिरू लागला तर त्याच्या सळ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होणार नाही, प्रवाह वाहणार नाही आणि टॉर्कही मिळणार नाही. म्हणून लोड घ्यायचा तर मोटरला मागे राहावेच लागते.

शिखर का येते

स्लिप लहान असताना रोटरमधल्या प्रवाहाची वारंवारता एक-दोन हर्ट्झच असते. एवढ्या कमी वारंवारतेला रोटरची गळती रिअ‍ॅक्टन्स नगण्य राहते आणि प्रवाह केवळ रोधावर ठरतो. स्लिप दुप्पट झाली की टॉर्कही जवळपास दुप्पट होतो. उजवीकडचा उतार सरळ रेषेसारखा दिसतो तो यामुळेच. स्लिप वाढत गेली की रोटरची वारंवारता वाढते, तिच्यासोबत रिअ‍ॅक्टन्सही वाढते. प्रवाह वाढतो खरा, पण तो क्षेत्राच्या मागे पडू लागतो आणि टॉर्क देण्याच्या कामी त्याचा थोडाच भाग येतो. रोटरचा रोध आणि त्या स्लिपला असलेली रिअ‍ॅक्टन्स जिथे सारखी होते, साधारण तिथे टॉर्क सर्वाधिक असतो.

यातून निघणारी एक गोष्ट नवख्यांना पटायला वेळ लागतो. रोटरचा रोध वाढवला तरी शिखराची उंची बदलत नाही, शिखर फक्त डावीकडे, कमी वेगाकडे सरकते. स्लिपरिंग मोटरच्या रोटरला बाहेरून रेझिस्टन्स जोडून क्रेनने ओझे उचलतात, तेव्हा नेमके हेच केलेले असते: शिखर ओढून शून्य वेगापाशी आणलेले असते. उंची ठरते ती व्होल्टेज आणि गळती रिअ‍ॅक्टन्स यांवर, आणि व्होल्टेजचा परिणाम वर्गाने होतो.

जर्मन अभियंता मॅक्स क्लॉस यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र हा संबंध थोडक्यात मांडते:

```
T / Tm = 2 / (s/sm + sm/s)
```

इथे `Tm` हा ब्रेकडाउन टॉर्क आणि `sm` ही तो जिथे मिळतो ती स्लिप. सूत्र शिखराच्या उजवीकडे चांगले चालते. डावीकडे मात्र त्यावर विसंबू नये, कारण उभ्या मोटरच्या रोटरमध्ये ५० हर्ट्झचा प्रवाह सळ्यांच्या वरच्या कडेला दाटतो, रोध वाढतो आणि खरा सुरुवातीचा टॉर्क सूत्रापेक्षा बराच जास्त भरतो.

एक मोटर, आकड्यांसह

७.५ किलोवॉट म्हणजे १० अश्वशक्तीची, ४१५ व्होल्टची, चार पोलची मोटर घेऊ. पूर्ण लोडला तिचा वेग १४५० धरला तर स्लिप ३.३ टक्के होते आणि टॉर्क सुमारे ४९ न्यूटन-मीटर येतो. उत्पादकाच्या तक्त्यात ब्रेकडाउन टॉर्क २.५ पट, सुरुवातीचा २.२ पट आणि पुल-अप १.६ पट दिला आहे असे धरू. म्हणजे शिखर १२३ न्यूटन-मीटरवर, सुरुवात १०९ वर आणि खोलगट भागाचा तळ ७९ वर. क्लॉसच्या सूत्रानुसार शिखराची स्लिप १६ टक्के, वेग सुमारे १२६० फेरे.

आता व्होल्टेज ८० टक्क्यांवर, ३३२ व्होल्टपर्यंत पडले असे समजू. लांब फीडरच्या टोकाला हे काही नवलाचे नाही. सगळा वक्र ६४ टक्क्यांवर खाली येतो, शिखर ७९ वर उतरते. लोडने तोच ४९ चा टॉर्क मागितला तर मोटर थांबत नाही. वेग १४५० वरून साधारण १४१६ पर्यंत उतरतो आणि तेवढ्यावर सगळे ठीक वाटते. पण स्लिप ५.६ टक्क्यांवर गेलेली असते. हवेच्या फटीतून रोटरला मिळणाऱ्या शक्तीचा स्लिपइतका वाटा थेट रोटरच्या उष्णतेत जातो. म्हणून ती उष्णता सुमारे २६० वॅटवरून ४३५ वॅटवर जाते. वेगात दोन-अडीच टक्क्यांचा फरक, उष्णतेत दीडपटीहून जास्त. कमी व्होल्टेजवर मोटर ‘चालते तर आहे’ म्हणून चालू ठेवली आणि ती जळाली, यामागे बहुधा हाच हिशेब असतो. व्होल्टेज ६० टक्क्यांवर आले की शिखर ४४ वर उतरते, लोडच्या खाली जाते आणि मोटर थांबते.

म्हणूनच मानकांना ब्रेकडाउन टॉर्कमध्ये राखीव हवी असते. सर्वसाधारण इंडक्शन मोटरने निर्धारित व्होल्टेजवर १.६ पट टॉर्क १५ सेकंद न थांबता पेलला पाहिजे, अशी आयईसी ६००३४-१ ची अपेक्षा आहे.

स्थिर भाग

शून्य स्लिपपासून शिखरापर्यंतच्या उताराला स्थिर कार्यक्षेत्र म्हणतात. कारण सोपे आहे. मोटर १४५० वर चालली आहे आणि लोड जरा वाढला, तर वेग कमी होतो. या उतारावर वेग कमी झाला की मोटरचा टॉर्क वाढतो आणि नवा तोल साधला जातो. शिखराच्या डावीकडे याच्या उलट घडते. वेग कमी झाला की टॉर्कही कमी होतो, त्यामुळे वेग आणखी उतरतो, आणि कायम टॉर्क मागणारा लोड मोटरला ओढत खाली नेतो.

मात्र ‘शिखराच्या उजवीकडे स्थिर, डावीकडे अस्थिर’ एवढेच पाठ करणे अपुरे आहे. खरा नियम दोन्ही वक्रांच्या उतारांचा आहे: छेदबिंदूपाशी वेग वाढताना लोडचा टॉर्क मोटरच्या टॉर्कपेक्षा जास्त जोरात वाढत असेल, तर तो बिंदू स्थिर. पंख्याचा टॉर्क वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सीलिंग फॅन रेग्युलेटरवर व्होल्टेज कमी केल्यावर शिखराच्या डावीकडेही शांतपणे एका वेगावर फिरत राहतो. ते त्याला जमते कारण त्याचा रोटर मुद्दाम जास्त रोधाचा ठेवलेला असतो आणि शक्ती थोडी असते. १० अश्वशक्तीच्या मोटरला त्या भागात चालवले तर उष्णता वायंडिंग खाऊन टाकेल.

पुल-अप टॉर्क आणि रखडणारी मोटर

हाच नियम वक्राच्या खोलगट भागाला लावला की पुल-अप टॉर्कचे महत्त्व कळते. माझ्या मते वक्रातला सर्वात दुर्लक्षित आकडा हाच आहे. नेमप्लेटवर तो नसतोच.

खोलगटपणाचे मोठे कारण सातवी हार्मोनिक, म्हणजे मुख्य क्षेत्रात मिसळलेली सातपट पोलची लहर. वायंडिंग खाचांमध्ये तुकड्यातुकड्याने बसवलेले असते, त्यामुळे क्षेत्र शुद्ध साइन आकाराचे होत नाही. सातव्या हार्मोनिकचे क्षेत्र मुख्य क्षेत्राच्याच दिशेने, पण त्याच्या एक-सप्तमांश वेगाने फिरते; चार पोलला म्हणजे २१४ फेऱ्यांनी. रोटर त्याहून हळू असेपर्यंत ते मदत करते. रोटरने २१४ ओलांडले की तेच क्षेत्र ब्रेकचे काम करू लागते, आणि एकूण टॉर्क तिथे खचतो. पाचवी हार्मोनिक उलट दिशेने फिरते, त्यामुळे ती सुरुवातीपासूनच थोडा विरोध करते.

वरचीच मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर कन्व्हेयरला लावली आहे आणि पट्ट्यावर माल असताना ३० न्यूटन-मीटर लागतात, असे पाहू. असा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करतो आणि मग डेल्टा जोडणीत नेतो; स्टारमध्ये टॉर्क एक-तृतीयांश होतो. सुरुवातीचा ३६, म्हणजे पट्टा हलतो. पण पुल-अप फक्त २६. मोटर २०० फेऱ्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच घुमत राहते, कारण घसरत्या वक्राने लोडची रेषा जिथे कापली तो बिंदू नियमानुसार स्थिर असतो. कितीही वाट पाहिली तरी वेग वाढत नाही.

हे ओळखायला क्लॅम्प मीटर पुरतो. नीट चालू होणाऱ्या मोटरचा प्रवाह काही सेकंदांत उतरतो. रखडलेल्या मोटरचा तो तसाच चढलेला राहतो. पुढे टायमर डेल्टावर जातो, टॉर्क तिप्पट होतो आणि मोटर पळते, पण २०० फेऱ्यांवर डेल्टाचा झटका जवळपास थेट सुरू केल्याइतकाच असतो. मग फ्यूज उडतो आणि संशय भलतीकडे, बेअरिंगवर किंवा केबलवर जातो. टायमरची वेळ वाढवून काही साधत नाही, उलट वायंडिंग जास्त वेळ तापते. पट्टा रिकामा असताना मोटर सुरू करणे, किंवा थेट डेल्टात सुरू करणे, हे खरे उपाय. सॉफ्ट स्टार्टरही सुरुवातीला व्होल्टेजच कमी करतो, त्यामुळे तोही इथे तोकडा पडू शकतो.

उत्पादक हा खड्डा दोन मार्गांनी भरतात. रोटरच्या सळ्या तिरप्या बसवतात आणि स्टेटरची कॉइल पूर्ण पिचपेक्षा आखूड ठेवतात. ३६ खाचांच्या चार पोल स्टेटरमध्ये पूर्ण पिच म्हणजे पहिल्या खाचेतून दहाव्या खाचेत. ती १ ते ९ ठेवली तर मुख्य क्षेत्र जेमतेम दीड टक्का घटते, पण सातवी हार्मोनिक सुमारे ३४ टक्क्यांवर येते. रिवाइंडिंग करताना जुनी कॉइल काढण्याआधी पिच मोजून लिहून ठेवावी ती याचसाठी. १ ते ९ च्या जागी १ ते १० भरली तर रिकामी मोटर व्यवस्थित फिरते, आणि जागेवर लोडसकट सुरू करताना मात्र रखडू शकते.

व्हीएफडी ड्राइव्हवर हा सगळा प्रदेश टळतो. ड्राइव्ह कमी वारंवारतेपासून सुरुवात करून व्होल्टेज आणि वारंवारता सोबत वाढवतो, त्यामुळे अख्खा वक्र डावीकडून उजवीकडे सरकत जातो आणि मोटर सतत शिखराच्या उजव्या उतारावरच राहते. अगदी कमी वारंवारतेला मात्र स्टेटरच्या रोधात व्होल्टेजचा मोठा भाग खर्ची पडतो आणि शिखर बुटके होते. जड लोडासाठी म्हणूनच ड्राइव्हमध्ये तिथे व्होल्टेज थोडे जास्त द्यावे लागते.